तीन तारखांचं उत्तर

जुलै २०१९ च्या दुसऱ्या आठवड्यात हातात कारणे दाखवा नोटीस पडली. ट्रॉम्बेला मी तेव्हा पाळीत काम करत होतो. तीन आरोप होते: २८ जूनला उशीर, ३० जूनला आणि २ जुलैला विनापरवाना गैरहजेरी. उत्तराला तीन दिवसांची मुदत.

पहिला मसुदा रागाचाच होता. साहेबांचा आकस, दहा वर्षांची सेवा, सगळं त्यात होतं. युनियनच्या काकांनी तो वाचून परत दिला. म्हणाले, "यात तारीख कुठाय? चौकशी बसली तर अधिकारी कागद बघणार, तुमचं दुःख नाही."

मग नोटिशीचा जावक क्रमांक आणि ती मिळाल्याची तारीख वर लिहून मी आरोपागणिक एकेक परिच्छेद केला. ३० जूनचं उत्तर दोन ओळींत संपलं. फलकावर लागलेल्या पाळीपत्रकात त्या दिवशी माझी साप्ताहिक सुट्टी होती. त्याची प्रत परिशिष्ट 'अ'.

२८ जूनला यंत्रावर माझा अंगठा ७.२२ ला उमटला होता, पाळी ७ ची. पण गेटच्या वहीत माझी सही ६.५२ ची होती. यंत्र सकाळी बंद होतं, तशी तक्रार टाइमकीपरने त्याच दिवशी मेलवर केली होती आणि त्यात माझंही नाव होतं. गेटची वही माझ्या ताब्यात नसल्याने तिचं ते पान तपासावं, मलाही प्रत मिळावी, अशी लेखी मागणी केली. "यंत्र खोटं बोलतं" असं मात्र लिहिलं नाही.

अवघड होती २ जुलै. त्या सकाळी साडेआठपर्यंतच्या चोवीस तासांत सांताक्रूझला ३७५ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला होता आणि सरकारने मुंबईत सुट्टी जाहीर केली होती. मी सुट्टीचा आधार घ्यायला निघालो होतो, काकांनी अडवलं. आमचं काम चोवीस तास चालणारं, सरकारी सुट्टी आम्हाला आपोआप लागू होत नाही. म्हणून गैरहजेरी मान्य केली आणि "विनापरवाना" हा शब्द तेवढा नाकारला. ठाण्याहून कुर्ल्याकडे लोकल बंद होत्या. मी सकाळी ५.४० ला पाळीप्रमुखांना मेसेज केला होता, त्यांचं "ठीक आहे" ५.५१ चं. दोन्ही वेळा दिसतील असा स्क्रीनशॉट आणि दुसऱ्या दिवशी दिलेला रजेचा अर्ज जोडला.

शेवटी दोनच विनंत्या: नोटीस मागे घ्यावी, आणि निर्णयाआधी प्रत्यक्ष म्हणणं मांडू द्यावं. उत्तर मुदतीतच दिलं आणि माझ्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख घेतल्यावरच टेबल सोडलं. तोंडी "मिळालं" पुढे कामाला येत नाही.

ऑगस्टमध्ये पत्र आलं. पहिले दोन आरोप रद्द झाले, २ जुलै अर्जित रजेत धरली गेली. पगार कापला नाही.