दुसऱ्या रिव्ह्यूअरला उत्तर

‘मेजर रिव्हिजन’ असा निकाल घेऊन संपादकांची मेल आली. सोबत पहिल्या रिव्ह्यूअरचं दीड पान होतं आणि दुसऱ्याची साडेचार पानं. ती मी वाचली आणि लॅपटॉप मिटून ठेवला. पुढचे चार दिवस अंघोळ करताना, भाजी निवडताना मी मनातल्या मनात दुसऱ्या रिव्ह्यूअरशी भांडत होते. त्यातलं एकही वाक्य पुढे पत्रात गेलं नाही, ते बरंच झालं.

लेख एकनाथांच्या घरच्या श्राद्धाच्या कथेवर होता. कथा आपल्याकडे बहुतेकांना माहीत असते. पितरांसाठी शिजलेल्या अन्नाचा वास रस्त्यानं जाणाऱ्या महारांना येतो, नाथ ते अन्न त्यांनाच वाढतात आणि ब्राह्मणांसाठी पुन्हा स्वयंपाक होतो. तरीही पैठणचे ब्राह्मण पानावर बसत नाहीत, तेव्हा पितर स्वतः येऊन जेवतात. महिपतींनी ही कथा ‘भक्तविजया’त, म्हणजे 1762 साली सांगितली. माझं म्हणणं असं होतं, की आपण आज तिला समतेची कथा म्हणतो, पण महिपतींच्या सांगण्यात ती आधी पुण्याची कथा आहे.

दुसऱ्या रिव्ह्यूअरचा मुख्य आक्षेप तिखट होता. ब्राह्मणांना झोंबणारी कथा बोथट करून लेखिका जातिव्यवस्थेला सोयीचं वाचन करते आहे, असा त्याचा सूर. त्याखाली नऊ मुद्दे होते.

उत्तराच्या पत्राचा साचा ठरलेला आहे. रिव्ह्यूअरचं प्रत्येक वाक्य जसंच्या तसं उतरवायचं, खाली आपलं उत्तर, आणि लेखात बदल कुठे केला त्याचं पान आणि ओळ. मी आधी सोपे मुद्दे निकालात काढते. एक सन चुकला होता, एक महत्त्वाचं पुस्तक राहिलं होतं. मान्य, दुरुस्त केलं, पान सहा. अशा मुद्द्यांवर आभाराचे परिच्छेद लिहिणारे लोक मला कळत नाहीत. पत्र वाचणारा खरा माणूस संपादक असतो आणि त्याला फक्त काम झालं की नाही एवढंच बघायचं असतं.

मग राहिले दोन मुद्दे, ज्यांच्यावर लेख उभा होता.

पहिला असा: ‘लेखिका जिथे तिथे एकनाथांनी असं केलं असं लिहिते. एकनाथ 1599 साली गेले. तिचा साक्षीदार दीडशेहून अधिक वर्षांनंतरचा आहे.’ मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. प्रस्तावनेत मी ते लिहिलंही होतं, आणि तेच उत्तरात ठणकावून सांगायचा मोह झाला. पण आपण बजावून लिहिलेलं रिव्ह्यूअरच्या नजरेतून निसटलं, तर बहुतेक वेळा पुढच्या पानांवर आपणच ते विसरलेलो असतो. मी लेखात ‘एकनाथांनी’ हा शब्द शोधला. तेवीस ठिकाणी सापडला, त्यांतल्या एकोणीस ठिकाणी खरं तर ‘महिपती सांगतात की’ हवं होतं. ते बदलताना एक गंमत झाली. दोन परिच्छेद आपोआप कोसळले, कारण त्यांत मी नाथांच्या मनात काय होतं ते सांगत बसले होते. ते काढून टाकले. शीर्षकात ‘मराठी भक्तिपरंपरा’ होतं, तिथे ‘महिपतींची एक कथा’ आलं. पत्रात एवढंच लिहिलं, की आक्षेप रास्त आहे, दाव्याचा आवाका कमी केला आहे, आणि पानांची यादी दिली.

दुसरा मुद्दा मात्र सोडता येत नव्हता: ‘ही कथा जातीच्या उतरंडीला उघड आव्हान देते, लेखिका ते नाकारते.’ इथे मी आधी स्वतःलाच विचारलं, की यात त्याचं बरोबर काय आहे? आणि होतं. मी लिहिलं होतं, की पुन्हा स्वयंपाक करून नाथ विधीची चौकट सांभाळतात. पण श्राद्धात ब्राह्मण जेवतात ते पितरांच्या जागी. पितर स्वतःच येऊन बसले, की त्या जागेवर कुणा मध्यस्थाची गरजच उरत नाही. विधी राहतो आणि विधी करणारे बाहेर पडतात. हा दणका माझ्या पहिल्या खर्ड्यात नव्हता. मी तो लेखात घातला, आणि ‘सांभाळतात’ हे क्रियापद बदललं.

एवढं दिल्यावर उरलेलं धरून ठेवायला माझ्याकडे जोर आला. कथा पितरांच्या जेवणाशी संपत नाही. ब्राह्मण नाथांना प्रायश्चित्त घ्यायला लावतात, तेव्हा त्र्यंबकेश्वराहून एक कोड फुटलेला ब्राह्मण येतो. त्याला शंकराचा दृष्टान्त झालेला असतो, की अंत्यजांना जेवू घातल्याचं पुण्य नाथांनी दिलं तर तू बरा होशील. नाथ ते पुण्य देतात, तो बरा होतो. म्हणजे त्या जेवणाची नोंद पुण्याच्या खात्यात आहे. ते एकाकडून दुसऱ्याला देता येतं, आणि ते जातं एका ब्राह्मणाकडे. वाढणारा आणि जेवणारा या कथेत एका पंक्तीत बसत नाहीत. त्यामुळे आव्हान ब्राह्मणांच्या अधिकाराला आहे हे मान्य, पण त्यावरून समता निघत नाही, असं मी लिहिलं. हे उत्तर पत्रात जेवढं, तेवढंच लेखातही घातलं. पत्र तिघे वाचणार, मग फाइलमध्ये पडून राहणार. ज्या वाचकाला तोच प्रश्न पडेल त्याच्या हाती लेखच असणार आहे.

एक शब्द मात्र त्यानं मला अचूक पकडून दिला. समासात विचारलं होतं, ‘तुमच्या इंग्रजी लेखातला हा समतेचा शब्द कोणत्या मराठी शब्दासाठी आहे?’ बघितलं, तर त्या एका शब्दात मी भूतदया, समदृष्टी आणि सहभोजन या तिन्ही गोष्टी कोंबल्या होत्या. तिन्ही वेगळ्या केल्या तेव्हा माझा युक्तिवाद मलाच पहिल्यांदा नीट दिसला.

दोघा रिव्ह्यूअरांचं एका ठिकाणी पटत नव्हतं. पहिल्याला 1935 च्या प्रभातच्या ‘धर्मात्मा’वरचा भाग गाळायला हवा होता, दुसऱ्याला वाढवायला. समतेचं वाचन विसाव्या शतकात घट्ट झालं असं मी म्हणत होते, तेव्हा मूळ ‘महात्मा’ हे नाव सेन्सॉरच्या आक्षेपामुळे बदलावं लागलेला, बालगंधर्वांनी एकनाथ केलेला हा चित्रपट गाळून चालणार नव्हता. मी दोन परिच्छेद वाढवले आणि कोणाचं ऐकलं, का ऐकलं, ते संपादकांना सरळ सांगितलं. गुपचूप एकाची बाजू घेतली तर दुसरा पुढच्या फेरीत ते हुडकून काढतोच.

पत्र अकरा पानांचं झालं. पाठवण्याआधी एकदा फक्त विशेषणं काढायला वाचलं. ‘दुर्दैवाने’ हा शब्द चार वेळा होता, चारही गेले. एका उत्तरात ‘माझ्या आधीच्या लेखात’ असं निसटलं होतं, तेही काढलं. नाव झाकलेल्या पत्रात ती सहीच झाली असती.

सात आठवड्यांनी दुसऱ्या रिव्ह्यूअरची तीन ओळींची टिपणी आली. बाकी मुद्द्यांवर समाधान आहे, पुण्याच्या प्रश्नावर मला अजूनही पटलेलं नाही, लेख छापावा.