संवत्सरीची भेट आणि संवादाची काटछाट

पर्युषण आले की आपल्या समाजातील हौशी लेखकांच्या वहीत एक कथा हमखास उतरते. दुकानाच्या वाटणीवरून दुरावलेले दोन भाऊ, संवत्सरीचा दिवस आणि क्षमापना. विषय खरा आहे, पुष्कळ घरांनी अनुभवलेला आहे. तरीही कथा वाचताना मन हलत नाही आणि त्याचे कारण बहुधा संवादात सापडते. अशा कथेच्या पहिल्या खर्ड्यात धाकटा भाऊ साधारण असे बोलतो:

"दादा, आपण सख्खे भाऊ असूनही पाच वर्षांपूर्वी दुकानाच्या वाटणीवरून आपल्यात जो वाद झाला, तेव्हापासून आपण बोललो नाही, याचे मला अतिशय दुःख होत आहे," धाकटा पश्चात्तापाने गदगदून म्हणाला.

"वडिलांचा तराजू मी तुला दिला नाही, हा माझा अहंकार होता," थोरला डोळे पुसत उद्गारला.

आपण सख्खे भाऊ आहोत, हे भाऊ भावाला कधी सांगतो का? दोघांनाही ठाऊक असलेली गोष्ट एकाने दुसऱ्याला सांगितली, की ती वाचकासाठी आहे हे लगेच उघडे पडते. तेव्हा संपादनाची पहिली कात्री तेथेच चालवावी. वाचकाला माहिती हवीच असेल, तर ती निवेदनात एका वाक्यात द्यावी: वाटणीनंतर पाच वर्षांनी तो धुळ्याहून जळगावला, थोरल्याच्या घरी आला. एवढे पुरे. मग बोलणे मोकळे होते:

"केव्हा निघालास?"

"पहाटेच. साडेपाचच्या बसनं."

"पाणी घे."

"चौविहार आहे, दादा."

थोरल्याने उचललेला तांब्या खाली ठेवला.

"बाबांचा तराजू अजून इथंच आहे."

"दिसला ना, ओसरीत."

दोघेही गप्प बसले.

"मिच्छा मि दुक्कडम्, दादा."

"संध्याकाळचं प्रतिक्रमण इथंच स्थानकात करू. मग जा. तराजू घेऊनच जा."

यात 'म्हणाला' एकदाही आलेले नाही, पण कोण बोलतो आहे याचा संभ्रम होत नाही. ही सोय मराठीच्या व्याकरणातच आहे. 'निघालास' या एका क्रियापदात समोरचा पुरुष आहे आणि त्याला 'तू' म्हणण्याचा अधिकार बोलणाऱ्याला आहे, हे दोन्ही येते. बहीण आली असती तर 'निघालीस' झाले असते. थोरली वहिनी असती तर 'निघालात'. उलट बाजूने 'दादा' हे संबोधन धाकट्याची ओळख पटवते. मात्र तेही प्रत्येक ओळीत घातले तर कृत्रिम वाटते.

तिसरे माणूस बोलू लागले, किंवा दोन जावा एकमेकींना 'तू'च म्हणत असल्या, की ही सोय अपुरी पडते. तेव्हा साधे 'म्हणाली' घालावे, कारण ते डोळ्यांना जाणवत नाही. 'उद्गारली', 'पुटपुटली' मात्र वाचकाला थांबवतात. 'पश्चात्तापाने', 'गदगदून' ही क्रियाविशेषणे काढून पाहावीत. ती काढल्यावर भाव नाहीसा झाला, तर तो बोलण्यात आलेलाच नव्हता असे समजावे. वरच्या प्रसंगात खाली ठेवलेला तांब्या ते काम करतो.

बोलण्यातील रूपांबद्दल नवोदितांना उगीच धास्ती वाटते. पात्रांच्या तोंडी 'बसनं', 'केलं', 'सांगितलं' लिहिणे अशुद्ध नाही. मराठी साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक नियमांनीच ही मुभा दिलेली आहे. निवेदनात 'केले' आणि अवतरणात 'केलं' ठेवले, की निवेदन कोठे थांबले आणि माणूस कोठे बोलू लागला, हे कानालाही कळते.

खानदेशात आणखी एक पेच आहे. आपल्या पुष्कळ घरांत आजी मारवाडी बोलते, पेढीवर मराठी चालते आणि कापूस घेऊन आलेला शेतकरी अहिराणीत भाव विचारतो. हे सारे उच्चारानुसार लिहिण्याचा अट्टहास केला, तर वाचक अक्षरे लावत बसतो. एखादा शब्द, वाक्याची ठेवण आणि 'भाऊ' ऐवजी 'भो' एवढ्यानेही माणूस उभा राहतो. जळगाव जिल्ह्यातील सांगवीचे भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला'त, म्हणजे 1963 सालीच, निवेदन बोलण्याच्या लयीत आले. लय सापडली की उच्चार दाखवण्याची गरज फारशी उरत नाही.

काटछाट अती झाली तर सगळी पात्रे तारेच्या भाषेत बोलू लागतात. व्यापारी माणूस खरोखर तसा बोलतो का? कापसाचा भाव, उधारी, गाडीभाडे यांवर तो अर्धा तास सविस्तर बोलेल. मुलीच्या सासरचा विषय निघाला की दोन शब्दांत आटोपेल. म्हणून थोरल्याच्या तोंडी सरकीच्या भावाची चार लांब वाक्ये घातली तरी चालतील, किंबहुना तराजूचा विषय टाळण्यासाठी तो तेच बोलेल.

खर्डा तयार झाला, की घरातील दोघांना एकेका पात्राच्या ओळी मोठ्याने वाचायला द्याव्यात. तिसऱ्याने कागद न पाहता ऐकावे. वाचणारा जेथे अडखळतो आणि स्वतःहून शब्द बदलून वाचतो, तेथे बहुधा त्याने बदललेला शब्दच योग्य असतो. ऐकणाऱ्याने "हे कोण बोललं?" असे विचारले, तर फक्त त्याच जागी 'म्हणाला' परत घालावे.