एकच टी-शर्ट, दोन गळे

आमच्या हाऊसला यंदा नवीन कपडा ठरवायचा होता. कॉलरवाला पोलो की हुडी, एवढाच प्रश्न, पण डॉर्ममध्ये त्यावरून महिनाभर वाद चालला. शाळा हिमाचलच्या डोंगरात. नोव्हेंबरपासून सकाळच्या फॉल-इनला दात वाजतात, म्हणून बरीच मुलं हुडी मागत होती. हुडीला पोलोच्या जवळजवळ दुप्पट पैसे पडणार होते आणि ते प्रत्येकाच्या घरून येणार होते, म्हणून काही मुलं गप्प होती. दुकानदाराने पाठवलेल्या चित्रांवरून काहीच कळेना. कुठल्यातरी मॉडेलच्या अंगावर आमचा मरून रंग ओतलेला, आणि कॉलर कागद कापून चिकटवल्यासारखी. शेवटी हाऊस कॅप्टन मला म्हणाले, "तू कॉम्प्युटर क्लबमध्ये आहेस ना? आपल्याच एका मुलाच्या फोटोवर दोन्ही करून दाखव. शनिवारी मतदान घेऊ."

माझ्या शेजारच्या बेडवरचा मंडीचा मुलगा तयार झाला. त्याला मरून रंगाचा साधा गोल गळ्याचा टी-शर्ट घालून खिडकीजवळ उभं केलं आणि समोरून फोटो काढला. उजेड फोटोच्या डाव्या बाजूने येत होता. हे मी वहीत पहिल्या ओळीत लिहून ठेवलं, कारण पुढची प्रत्येक सावली त्यावर ठरणार होती. लॅबमध्ये GIMP आहे, ते फुकट मिळतं आणि या कामाला पुरतं.

दुसरी ओळ मापाची. टी-शर्टची खांद्याच्या एका शिवणीपासून दुसरीपर्यंतची रुंदी टेपने मोजली, ती ४२ सेंटीमीटर भरली. फोटोत तेच अंतर १२६० पिक्सेल होतं. म्हणजे एका सेंटीमीटरला ३० पिक्सेल. हा आकडा हातात आला की अंदाजाने काही काढावं लागत नाही. पीटी सरांच्या पोलोची कॉलर मोजून घेतली. पान ७ सेंटीमीटर, म्हणून २१० पिक्सेल. पुढची पट्टी ३ सेंटीमीटर रुंद आणि १४ लांब, म्हणून ९० बाय ४२०. बटण एक सेंटीमीटरहून जरासं मोठं, म्हणून ३३. दुकानदाराच्या चित्रातली कॉलर खोटी का वाटत होती, त्याचं एक कारण इथेच सापडलं. तिचं पान त्या माणसाच्या कानापेक्षा लहान होतं.

आता गोल गळ्याचं काय करायचं? मला आधी वाटलं होतं की तो पूर्ण पुसून मानेची कातडी रंगवावी लागेल, आणि कातडी रंगवणं हे सगळ्यात अवघड काम. पण मोजल्यावर गंमत कळली. गळ्याची जाड पट्टी फक्त २ सेंटीमीटरची आहे आणि कॉलरचं पान ७ चं. बाजूंनी पान त्या पट्टीला पूर्ण झाकून टाकतं. उघडी राहते ती फक्त मधली फट, जिथे दोन पानं एकमेकांपासून दूर जातात. मी वरचं बटण लावलेलंच दाखवायचं ठरवलं, त्यामुळे ती फट दोन बोटांएवढी उरली. तिथे `Clone` ने छातीवरचं कापड आणून गळ्याची पट्टी बुजवली. कातडीला हात लावावाच लागला नाही.

पट्टीची बाजू मात्र मला माहीत नव्हती, म्हणून रविवारी घरी फोन केला तेव्हा मामांना विचारलं. मामांचं कराडला शिवणकामाचं दुकान आहे.

"मामा, पोलोत कुठली पट्टी वर येते?"

"अरे, पुरुषाच्या कपड्यात काजपट्टी डावीकडची, ती वर. बटणपट्टी उजवीकडची, ती खाली. घालणाऱ्याची डावी-उजवी धर, बघणाऱ्याची नको."

म्हणजे फोटोत काजपट्टीची मोकळी कड बघणाऱ्याच्या डाव्या हाताला दिसायला हवी. उलट काढली की चित्र बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण काहीतरी आरशातलं बघतोय असं वाटत राहतं.

कॉलरचा आकार `Paths` ने काढला. दोन पानं सारखी काढून एक उलटवून ठेवण्याचा मोह होतो, पण माणूस कधीच अगदी सरळ उभा राहत नाही. आमच्या मॉडेलचा एक खांदा थोडा खाली होता, म्हणून त्या बाजूचं पान जास्त पसरलेलं आणि त्याचं टोक किंचित खाली काढलं. कापड छातीवरूनच घेतलं, पण ते पानाच्या कलाप्रमाणे फिरवून ठेवलं. विणीच्या बारीक उभ्या रेघा छातीवरही सरळ आणि पानावरही सरळ राहिल्या, तर पान छातीवर छापल्यासारखं दिसतं.

इथपर्यंत सगळं नीट असूनही कॉलर चिकटवलेलीच वाटत होती. ती अंगावर बसते सावल्यांनी. मी तीन सावल्या वेगवेगळ्या लेयरवर ठेवल्या, तिन्हींचा मोड `Multiply`. पहिली, पान जिथे छातीला टेकतं तिथली, गडद आणि तीन-चार पिक्सेलचीच. दुसरी, पान थोडं उचललेलं असतं म्हणून त्याच्या बाजूला पडणारी. उजेड डावीकडून, म्हणून ही पानाच्या उजव्या कडेला सरकलेली, आणि `Gaussian Blur` ने मऊ केलेली. टोक छातीपासून जास्त उचललेलं असतं, म्हणून टोकाशी ती रुंद आणि पुसट, शिवणीकडे अरुंद. सगळीकडे सारखी ठेवली की ती पोस्टरवरच्या अक्षरांना देतात तसली सावली होते. तिसरी सावली कॉलरची नव्हेच, ती हनुवटीची. मूळ फोटोत हनुवटीची सावली मानेवरून गोल गळ्यापर्यंत येत होती. नवी कॉलर त्या सावलीच्या वाटेत उभी आहे, तर सावली तिच्यावर चढायला हवी. कॉलर हनुवटीच्या जास्त जवळ, म्हणून तिथे सावलीची कड थोडी स्पष्ट. ही एक सावली घातली आणि लॅबमधला माझ्या मागे उभा असलेला मुलगा म्हणाला, "आता घातलीय त्याने."

सावलीचा रंग काळा घेतला नाही. टी-शर्टच्या काखेजवळच्या खऱ्या सावलीतून रंग उचलला, तो गडद जांभळट मरून निघाला. काळा घेतला तर मरून कापड मळकं दिसतं.

हुडीची गोष्ट वेगळी निघाली. टोपी मागे पडलेली असेल तर समोरून ती टोपी दिसतच नाही. दिसतात ते मानेच्या दोन्ही बाजूंना जाड मफलरसारखे चढलेले दोन गोळे, गळ्यापाशी एकमेकांवर येणारे, आणि मानेमागे टोपीच्या आतला काळोख. मान आणि खांदा यांच्यामधला जो उतार असतो तो जवळपास झाकला जातो. म्हणून इथे बाहेरची रेघच बदलावी लागते. मी प्रत्येक बाजूला १३० पिक्सेल, म्हणजे साधारण चार सेंटीमीटर जाडी दिली आणि मागचा भिंतीचा भाग त्याप्रमाणे झाकला. आतला काळोख सपाट भरला नाही. मानेला चिकटून सगळ्यात गडद, आणि वरच्या कडेकडे येता येता उजळ, कारण तिथे खिडकीचा उजेड पोहोचतो.

तरीही चित्र टोपी लावलेल्या टी-शर्टचंच राहिलं. कारण सुरकुत्या. टी-शर्टचं कापड साधारण १८० जीएसएमचं असतं, हुडीचं ३०० च्या आसपास. जाड कापडाला बारीक चुण्या पडत नाहीत, थोड्याच पण गोलसर घड्या पडतात. नुसतं ब्लर केलं तर चुण्यांबरोबर विणही जाते आणि कापड प्लॅस्टिकचं होतं. यावर GIMP मध्ये `Wavelet-decompose` नावाचा फिल्टर आहे. तो फोटोचे थर वेगळे करतो, जणू गाळणीतून बारीक, मध्यम आणि जाड वेगळं केलं. बारीक थरात वीण राहते, सगळ्यात खालच्या थरात मोठ्या घड्या आणि उजेड. मधल्या थरांत, माझ्या मापाला `Scale 4` आणि `Scale 5` मध्ये, सेंटीमीटरभराच्या चुण्या सापडल्या. त्यांच्यावर मऊ ब्रशने मधला राखाडी रंग फिरवला की त्या जातात आणि वीण जागेवर राहते. मग बाह्या लांब केल्या, मनगटाला पट्टी दिली, पोटावर खिसा काढला. बाह्यांचं काम कंटाळवाणं आहे, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

एक गोष्ट मात्र लिहायला हवी. मला स्वतःला हुडी हवी होती. आणि या कामात मत फिरवणं फार सोपं आहे. हुडीच्या डाव्या खांद्यावर जरासा जास्त उजेड, टोपीखाली थोडी खोल सावली, की कापड उबदार आणि महाग दिसतं. पोलोची सावली थोडी पुसट ठेवली की तो स्वस्त दिसतो. कुणाला पकडताही आलं नसतं. घरी पैसे मागायला ज्यांना अवघड जातं, त्यातल्या एकाने मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "खरंच तेवढी चांगली दिसते का रे?" म्हणून मी दोन्ही चित्रांत सावलीचा एकच रंग ठेवला आणि दोन्ही चित्रं राखाडी करून शेजारी ठेवली. रंग काढला की उजेडातला फरक लगेच उघडा पडतो. हुडीची छाती पोलोपेक्षा उजळ दिसत होती ती खाली आणली. मग दोन्ही आडवी उलटवून पाहिली, आणि तिकिटाएवढी लहान करून पाहिली. लहान केल्यावर जी कॉलर आधी डोळ्यात भरते, ती अजून अंगावर बसलेली नसते.

चित्रांखाली मी किंमत लिहिली, आणि चित्रात दिसू शकत नाही तेही लिहिलं: ऊब, वजन, आणि धुतल्यावर काय होईल ते.

शनिवारी पोलोला ३१ मतं पडली, हुडीला २२. पोलो गेल्या महिन्यात आले. मॉडेलने घातला तेव्हा मी टेप घेऊन गेलो. पान बरोबर ७ सेंटीमीटर, काजपट्टी मामा म्हणाले त्याच बाजूला, हनुवटीची सावलीही तिथेच. फक्त तिसऱ्या धुण्यानंतर कॉलरची टोकं वर वळायला लागली आहेत. आता सगळे जण फॉल-इनच्या आधी ती बोटांनी दाबत उभे असतात, आणि पोलोच्या आत काहींनी घरचा स्वेटर कोंबलेला असतो.