गेल्या वर्षाच्या वहीतील पर्युषण

आमच्या भोजनालयात सूर्यास्तानंतर चूल पेटत नाही आणि आदल्या दिवशीचे अन्न दुसऱ्या दिवशी ताटात येत नाही. त्यामुळे उद्या किती माणसे जेवतील, हा प्रश्न आमच्यापुढे रोज नव्याने उभा राहतो. जास्त शिजवले तर अन्न वाया जाते व त्यातील हिंसा विनाकारण माथी येते. कमी शिजवले तर पाहुणा दारातून परततो. वडील हा अंदाज मनाशीच बांधीत. चिरंजीवांनी तो संगणकावरील तक्त्यात मांडला. मागील चार आठवड्यांच्या त्याच वाराची सरासरी घ्यायची, गेल्या वर्षीच्या त्याच आठवड्यातील त्याच वाराचा आकडा घ्यायचा आणि दोहोंचा मध्य काढायचा, अशी ती रीत होती.

गुरुवार, १२ सप्टेंबर २०२४ रोजी तक्त्याने दुपारची ९३ ताटे सांगितली. आम्ही ९५ ताटांचा स्वयंपाक केला. साडेबारापर्यंत ५८ ताटे उठली आणि सव्वा वाजता डाळ संपली. त्यानंतर पाच मिनिटांनी आमचे नेहमीचे एक वयोवृद्ध काका आले. त्यांचे एकाशन होते. दिवसातून एकदाच, एका बैठकीत जेवायचे आणि तेही आमच्याच स्वयंपाकघरातले. मी हात जोडून थांबण्याची विनंती केली, पण दुकानावर माल उतरायचा होता. ते शांतपणे म्हणाले, “असू द्या, आज उपवासाचे पच्चक्खाण घेतो.” त्या शब्दांत रागाचा लवलेश नव्हता, म्हणूनच ते मला अधिक लागले.

रात्री पिता-पुत्रांनी वही उघडली. मागील चार गुरुवारचे आकडे होते ९६, १५२, १४८ आणि ६४, सरासरी ११५. यातील ९६ हा १५ ऑगस्टचा, म्हणजे बाजारपेठ बंद असलेल्या दिवसाचा. ६४ हा ५ सप्टेंबरचा, म्हणजे पर्युषणातला. आमचा बहुतेक ग्राहक श्वेतांबर आहे. त्या आठ दिवसांत कोणाचा उपवास, कोणाचे आयंबिल, त्यामुळे ताटे निम्म्याहून कमी होतात. गेल्या वर्षीचा आकडा होता ७१. तो १४ सप्टेंबर २०२३ चा. त्या वर्षी अधिक श्रावण आल्यामुळे पर्युषण १२ ते १९ सप्टेंबरला आले होते, तर यंदा ते ३१ ऑगस्टलाच सुरू होऊन संपलेही होते.

यंदाचे पर्युषण आम्ही विसरलो नव्हतो. त्या आठवड्यात आम्ही स्वयंपाक कमीच केला होता. विसरलो ते गेल्या वर्षीचे. जुन्या आकड्यात दडून ते यंदाच्या साध्या गुरुवारी येऊन बसले. दोन्ही विशेष दिवस वगळून त्यांच्या जागी १ आणि ८ ऑगस्टचे साधे गुरुवार घेतले. तेव्हा १५५, १४५, १५२ आणि १४८ यांची सरासरी १५० आली.

तेव्हापासून तक्त्यात इंग्रजी तारखेशेजारी तिथी लिहितो व तिच्यापुढे पर्व, बाजारपेठेची सुट्टी किंवा जवळच्या मंगल कार्यालयातील लग्न यांची खूण करतो. खूण असलेला दिवस साध्या दिवसांच्या सरासरीत धरीत नाही. पर्युषणाची तुलना पर्युषणाशीच, तिथीला तिथी जुळवून करतो. अष्टमी-चतुर्दशीला ताटांची संख्या फारशी हलत नाही, पण हिरवी भाजी चालत नसल्याने कडधान्याची मागणी वाढते; म्हणून त्या दिवशी भाजीचा अंदाज वेगळा लिहितो.

आणखी एक चूक त्याच रात्री उमगली. त्या दिवशी वहीत ९८ ताटे नोंदली गेली. हा विक्रीचा आकडा होता, भुकेचा नव्हे. तो तसाच ठेवला असता तर पुढील वर्षी तक्त्याने पुन्हा गरजेपेक्षा कमी स्वयंपाक करायला सांगितले असते. आता अन्न संपले की वेळ लिहितो, ‘१.१५ ला संपले’, आणि तो आकडा सरासरीतून वगळतो.

अंदाज कितीही शुद्ध केला तरी चुकणारच; म्हणून एकदम सारे शिजवीत नाही. दीडशेचा अंदाज असेल तर अकरापर्यंत १२० ताटांचे शिजवतो. उरलेल्या ३० ताटांसाठी, ताटामागे ३० ग्रॅम या हिशेबाने, ९०० ग्रॅम तूरडाळ निवडून कोरडीच ठेवतो. आमच्याकडे साडेबारापर्यंत दुपारची सुमारे चाळीस टक्के ताटे उठतात. त्या गुरुवारच्या ५८ ताटांचा अर्थ १४५ होता. तो तेव्हा वाचता आला असता, तर दुसरा कुकर वेळेत चढला असता. मोजणी ६० च्या आसपास असेल तर राखलेली डाळ चढते, ५० च्या खाली असेल तर डब्यात परत जाते. कोरडी डाळ उद्या चालते, शिजलेली चालत नाही.

काका अजूनही येतात. एकाशन असले की सकाळीच निरोप पाठवा, अशी विनंती मी त्यांना केली आहे. ते ताट मात्र आम्ही कोणत्याही सरासरीत धरीत नाही.