'टेन्शन' आणि चिंतेचा आजार : एका माजी विद्यार्थिनीला समजावताना

आपल्याकडे 'टेन्शन' हा एकच शब्द सगळ्याला पुरतो. गृहपाठ राहिला तरी टेन्शन, मुलीचं लग्न ठरत नाही तरी टेन्शन. त्यामुळे खरंच आजारी असलेलं पोरगं "मला फार टेन्शन येतं" म्हणालं, की आपण सवयीने "अरे, सगळ्यांनाच येतं" असं म्हणून मोकळे होतो. माझी एक माजी विद्यार्थिनी सध्या पुण्यात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. होळीच्या सुट्टीत ती घरी आली होती, तेव्हा तिने मला सरळच विचारलं, "बाई, माझं हे नेहमीचं टेन्शन आहे की मला काही झालंय?" त्यावर आमचं जे बोलणं झालं, ते इथे लिहिते आहे. तिची परवानगी घेतली आहे. आपल्या वर्गातली मुलंही उद्या कॉलेजात जाणार आहेत, म्हणून.

मी आधी तिला एवढंच सांगितलं, की चिंता वाटणं हा आजार नव्हे. परीक्षेच्या आदल्या रात्री पोटात गोळा येतो, त्यामुळेच तर आपण पुस्तक उघडतो. नेहमीच्या काळजीला एक विषय असतो आणि तो विषय संपला की काळजी ओसरते. मग मी तिला विचारलं, "सेमिस्टरची परीक्षा चांगली गेली ना? मग पुढचे आठ दिवस कसे गेले?"

ती हसली. म्हणाली, "बाई, पेपर संपल्याच्या संध्याकाळी मला बाबांच्या बीपीची काळजी लागली." बाबांचे रिपोर्ट नीट आले, तर मैत्रिणीने मेसेजला उत्तर दिलं नाही म्हणून ती चिडली असेल ही काळजी. ते मिटलं, तर मेसचे पैसे. विषय बदलत होते, चिंता तीच होती. आणि हे गणपतीपासून, म्हणजे जवळपास सहा महिने, बहुतेक रोज चाललं होतं. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत झोप नाही, सकाळी उठल्यावर दमलेलं अंग, खांदे आणि जबडा आवळलेला, वाचलेलं डोक्यात शिरत नाही, रूममेटवर उगाच चिडचिड.

डॉक्टर ज्याला सर्वसाधारण चिंता विकार म्हणतात, त्याचं चित्र साधारण असंच असतं. अनेक विषयांची, आवरता न येणारी काळजी सहा महिने तरी बहुतेक दिवस असते. सोबत शरीराची लक्षणं असतात आणि अभ्यास, कामधंदा किंवा नातेसंबंध यांत त्यामुळे अडथळा येऊ लागतो. (अचानक धडधड, घाम, 'आता मरतेय' असं वाटणारे पॅनिकचे झटके हा याच्याच घरातला, पण वेगळा प्रकार. तिला ते नव्हते.)

मग आम्ही 'जीएडी-७' ही प्रश्नावली भरली. सात प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांबद्दल. प्रत्येकाला शून्य म्हणजे 'अजिबात नाही', तीन म्हणजे 'जवळजवळ रोज'. अस्वस्थ वाटणं २, काळजी थांबवता न येणं ३, वेगवेगळ्या गोष्टींची फार काळजी ३, निवांत होता न येणं २, एका जागी बसवत नाही १, चिडचिड २, काहीतरी भयंकर घडेल अशी भीती १. बेरीज चौदा. एकवीसपैकी पाच ते नऊ सौम्य, दहा ते चौदा मध्यम, पंधरापासून पुढे तीव्र. दहा किंवा त्याहून जास्त आलं की डॉक्टरांना दाखवावं. यावरून निदान होत नाही हेही तिला सांगितलं. थर्मामीटर ताप दाखवतो, तो कशाचा ते सांगत नाही, तसंच.

आणि ते लगेच पटलंही. कारण मानसोपचारतज्ज्ञांनी आधी रक्त तपासायला पाठवलं. थायरॉईड वाढलेलं असलं तर अशीच धडधड आणि अस्वस्थता होते. तिचं थायरॉईड ठीक होतं. मात्र दिवसाला सहा कप चहा-कॉफी होत होती, ती दोनवर आणायला सांगितली.

उपचारांचे दोन रस्ते असतात, बोलून आणि औषधाने. मध्यम त्रासात दोन्हींपैकी कुठूनही सुरुवात करता येते. तिने आधी बोलण्याचा रस्ता घेतला. इथे पालकांचा एक गैरसमज असतो, की समुपदेशन म्हणजे कोणीतरी धीर देणार. सीबीटी या पद्धतीत जवळजवळ उलटं घडतं. ही मुलगी दिवसातून पाच-सहा वेळा आईला फोन करून "बाबा बरे आहेत ना?" विचारायची. "हो गं" ऐकलं की दहा मिनिटं बरं वाटायचं. हे बरं वाटणंच घोटाळ्याचं मूळ आहे, असं तिच्या सायकॉलॉजिस्टने दाखवून दिलं. प्रत्येक फोनने मेंदू शिकतो, की संकट होतं, फोन केला म्हणून टळलं. मग पुढच्या वेळी फोन केल्याशिवाय राहवत नाही.

म्हणून तिला वही दिली. फोन करावासा वाटला की आधी लिहायचं : मला काय होईल असं वाटतंय, आणि किती टक्के खात्री आहे. मग फोन एक तास पुढे ढकलायचा आणि नंतर खरं काय झालं ते शेजारी लिहायचं. पहिल्याच पानावर होतं : 'बाबा चक्कर येऊन पडले असतील, ७० टक्के.' शेजारी : 'बाबा कट्ट्यावर गप्पा मारत होते.' अशी पानंच्या पानं भरली. दिवसभराच्या बाकी काळज्या चिठ्ठीवर टिपून ठेवायच्या आणि संध्याकाळी सहा ते साडेसहा एवढ्याच वेळात काढायच्या. ती सांगते, की साडेपाचची काळजी सहा वाजता वाचताना बऱ्याचदा फुसकी निघते.

दर आठवड्याला एक अशी सहा सत्रं झाली. फोन दोनवर आले, पण झोप सुधारेना आणि परीक्षा जवळ आली. तेव्हा डॉक्टरांनी एस्सिटालोप्राम सुरू केलं, छोट्या डोसने. आई घाबरली : "सवय लागेल, आयुष्यभर घ्यावी लागेल." ही भीती दोन वेगळ्या गोळ्यांची सरमिसळ झाल्यामुळे असते. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या गोळ्या तासाभरात शांत करतात आणि त्यांची खरोखर सवय लागू शकते. म्हणून त्या थोडेच दिवस, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. मेडिकलवाल्याकडून किंवा शेजारणीच्या पाकिटातून तर मुळीच नाही. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन यांची तशी ओढ लागत नाही, पण त्या लगेच काम करत नाहीत. दोन ते सहा आठवडे लागतात, आणि पहिल्या आठवड्यात मळमळ आणि उलट थोडी जास्तच अस्वस्थता होऊ शकते. बरीच मुलं नेमकी इथेच गोळी सोडतात. पंचविशीच्या आतल्या मुलांमध्ये सुरुवातीच्या आठवड्यांत जीव देण्याचे विचार येत नाहीत ना, याकडे घरच्यांनी लक्ष ठेवायचं, आले तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं. बरं वाटल्यावरही साधारण सहा महिने ते वर्षभर गोळी चालू ठेवतात आणि मग हळूहळू कमी करतात. एकदम बंद केली तर चक्कर, झटके आल्यासारखं वाटणं, चिडचिड होते. त्याला लोक 'सवय लागली' म्हणतात.

तिसऱ्या आठवड्यात तिची झोप बारा वाजेपर्यंत सरकली. तीन महिन्यांनी बेरीज सहावर आली. बाबांच्या बीपीची काळजी अजून आहे, आणि ती असायलाच हवी, कारण त्यांना बीपी खरंच आहे. फोन रात्री जेवणानंतर एकच होतो.

ज्यांच्या तालुक्याला मानसोपचारतज्ज्ञ नाही, त्यांच्यासाठी : सरकारची 'टेली-मानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनाशुल्क आहे, आणि तिथे मराठीत बोलता येतं. गोळी मानसोपचारतज्ज्ञ लिहून देतात, सायकॉलॉजिस्ट देत नाहीत. नंबर लावताना एवढा फरक विचारून घ्यावा.