पहाटेची विकेट

क्रिकेटचा सामना नाणेफेकीने सुरू होतो, असा एक गोड गैरसमज आहे. सामना सुरू होतो पहाटे तीनला, माळ्याने पहिली विडी पेटवली की. कर्णधार वगैरे मंडळी पुढे सहा-साडेसहा तासांनी येतात.

१९८३ च्या नोव्हेंबरात आझाद मैदानावर आमच्या हापिसाची एका बँकेशी फायनल होती. त्या जूनमध्ये लॉर्ड्सवर विश्वचषक जिंकल्यापासून आमचा जावक बारनिशीचा कारकूनसुद्धा खेळपट्टीवर अधिकारवाणीने बोलू लागला होता. आदल्या रात्री दहाच्या सुमारास अवकाळी सर आली आणि आमच्या चिटणीसांनी मला फर्मावलं, "तुम्ही तंबूतच झोपा. माळ्यावर लक्ष ठेवा."

माळ्यावर लक्ष ठेवायची गरज नव्हती. सत्तरीच्या त्या म्हाताऱ्याचंच माझ्यावर लक्ष होतं. तीनला त्याने मला हलवून उठवलं. "उठा साहेब, ताडपत्री काढायची हाय. एकट्याला निघत न्हाई."

आम्ही ताडपत्री उचलली. खालून ती ओली होती. मी घाबरलो. म्हातारा हसला, "त्यो घाम हाय तिचा." जमिनीतली वाफ रात्री ताडपत्रीला अडते आणि तिचं पाणी होतं, म्हणून झाकण फार वेळ ठेवून चालत नाही, हे त्याने मला एका वाक्यात सांगितलं. मग कंदील घेऊन तो २२ यार्डांवर ओणवा झाला आणि अंगठा दाबत दाबत सरकू लागला. डॉक्टर पोट तपासतात तसा. एका जागी तो थांबला.

"हितं दाबा."

मी दाबलं. अंगठ्याचा ठसा उमटला. दोन हात पलीकडे दाबलं, तर अंगठाच दुखला. ताडपत्रीला भोक होतं आणि त्याखाली ताटाएवढा डाग भिजला होता. तोही कुठे? यष्टींपासून आठएक पावलांवर, जिथे वेगवान गोलंदाज चेंडू टाकायला जीव टाकतो तिथेच.

"काय होईल?" मी विचारलं.

"चेंडू मातीत रुततो. एक बसून येईल, दुसरा त्याच खळगीच्या काठावरनं उडून गड्याच्या तोंडावर जाईल. दुपारी वाळलं की खळग्या कडक व्हत्यात, मग तर विचारूच नका."

त्या काळी मैदानावर हेल्मेट घातलेला फलंदाज दिसला तर लोक त्याला स्कूटर कुठे लावली म्हणून विचारत.

मी म्हटलं, "मग मोठा रोलर फिरवा!" म्हाताऱ्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी स्वतःच जरा मागे सरलो. ओल्या मातीवर रोलर फिरवला तर माती रोलरला चिकटते आणि वरचा पापुद्रा सोलून निघतो. आठ दिवस पाणी घालून, रोलर ओढून बसवलेली विकेट पाच मिनिटांत गेली!

त्याने तंबूतून कोरडी गोणपाटं आणली. एक डागावर पसरलं आणि त्याच्यावरून छोटा हातरोलर हलकेच नेला. गोणपाट उचललं तर जड झालेलं. दुसरं टाकलं. मग तिसरं. शाईचा डाग टीपकागदाने टिपावा तसा तो दोन तास मैदान टिपत होता.

साडेपाचला चिटणीस हजर. डाग पाहून त्यांचा चेहरा उजळला. मला बाजूला घेऊन म्हणाले, "असू द्या की! टॉस जिंकला तर आपण बोलिंग घेऊ. आपला फास्टर ह्याच टोकाकडे टाकेल."

म्हाताऱ्याला ऐकू कमी येतं असा आमचा समज होता. तो मान वर न करता म्हणाला, "आन् टॉस हरला तर, साहेब? तुमचीच पोरं हितं उभी ऱ्हातील."

"तुला पगार कोण देतं?" चिटणीस.

"तुम्ही. पर पोरं दोन्हीकडची हायत."

चिटणीसांनी चहाची चौकशी केली.

मग बाहेरच्या गवतावरचं दंव झाडायला काथ्याची लांब दोरी निघाली. एक टोक त्याच्याकडे, दुसरं माझ्याकडे. गवतावरून दोरी ओढत आम्ही मैदानभर फिरलो. सातच्या उन्हात डागाचा काळसर रंग उडून तो आजूबाजूसारखा फिकट झाला. आठला त्याने पुन्हा अंगठा दाबला. ठसा नाही. बॅटचा दांडा आपटून पाहिला. पहाटे 'धप्' वाजलेली जागा आता 'टक्' वाजली. तेव्हा कुठे मोठा रोलर आला, आणि मग चुन्याच्या रेघा.

टॉस आम्ही जिंकला. चिटणीसांच्या सल्ल्यावरून कर्णधाराने बोलिंग घेतली. विकेट टेबलासारखी वागली आणि बँकवाल्यांनी दिवसभर आम्हाला कुटलं.

लंचला चिटणीस तणतणत तंबूत आले. "कुठाय तो माळी?"

म्हातारा ओल्या गोणपाटांच्या ढिगाला टेकून घोरत होता. चिटणीस त्याच्याकडे बघत क्षणभर उभे राहिले आणि मला हळूच म्हणाले, "चार वाजता उठवा. उद्यासाठी ती ताडपत्री शिवून घ्यायला सांगा."