पाचवा सर्व्हर

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी एका रात्री साइट पाडली, तीही मदत करायला जाऊन.

दुसऱ्या दिवशी सेल होता. गर्दी वाढणार म्हणून चार कॅश सर्व्हरना मी पाचवा जोडला. डेटाबेसला पुन्हा पुन्हा तेच विचारावं लागू नये म्हणून उत्तरं हाताशी ठेवतात, ती कॅशमध्ये. पाचवा सुरू झाला आणि कॅशमध्ये उत्तर सापडण्याचं प्रमाण ९५ टक्क्यांवरून थेट विसाच्या खाली आलं. सगळे प्रश्न डेटाबेसवर जाऊन आदळले आणि त्याने मान टाकली. गंमत म्हणजे कॅश सर्व्हर पाचही ठणठणीत होते.

कारण एका ओळीत होतं:

```
server = hash(key) % 4
```

मी ४ चे ५ केले होते, बस्स. समजा एका कीचा हॅश १७ आहे. चारने भागलं तर बाकी १, पाचने भागलं तर २. उत्तर ठेवलंय एक नंबरवर आणि आपण शोधतोय दोन नंबरवर! ० ते १९ हे आकडे कागदावर करून बघा: ०, १, २, ३ एवढेच जागेवर राहतात. वीसातले सोळा हलतात. म्हणजे ८० टक्के.

यावरचा उपाय एमआयटीतल्या डेव्हिड कार्गर आणि सहकाऱ्यांनी १९९७ सालीच मांडला होता. मला तो त्या रात्रीनंतर कळला. घड्याळाची तबकडी डोळ्यांसमोर आणा. चार सर्व्हर ०, १५, ३० आणि ४५ मिनिटांवर बसवले. प्रत्येक कीसुद्धा हॅशनुसार तबकडीवर कुठेतरी पडते आणि काट्याच्या दिशेने पुढे जो पहिला सर्व्हर भेटेल त्याच्याकडे जाते. आता पाचवा २२ वर बसवा. १५ ते २२ मधल्या की आधी ३० वाल्याकडे जायच्या, त्या आता याच्याकडे येतील. बाकीच्यांना नवा पाहुणा आल्याचा पत्ताही लागत नाही. साठातली सात मिनिटं, म्हणजे जेमतेम १२ टक्के की हलल्या.

पण यात एक खोट आहे. ओझं फक्त ३० वाल्याचं कमी झालं, उरलेले तिघे तसेच दमलेले. शिवाय एखादा बंद पडला तर त्याचा सगळा भार पुढच्या एकट्याच्या डोक्यावर. म्हणून प्रत्यक्षात एकेक सर्व्हर तबकडीवर शंभर-दोनशे ठिकाणी विखरून बसवतात. मग पाचवा प्रत्येकाकडून थोडं थोडं घेतो आणि एकूण साधारण पाचवा हिस्सा हलतो. नव्याला त्याचा वाटा द्यायचा तर एवढं हलवावंच लागतं.

एकाच कीवर सगळं गाव तुटून पडलं तर मात्र तबकडी काही करू शकत नाही. ती की कितीही सर्व्हर जोडले तरी एकाकडेच जाणार.

वर्षभराने सहावा जोडला, या वेळी भर दुपारी. ग्राफ ९५ वरून ८० च्या जरा खाली उतरला आणि हळूहळू वर चढायला लागला. मी तरी तासभर जागचा हललो नाही.